‘ला’चं इंग्रजी काय

मेहकरच्या मुलींच्या शाळेत मी विभक्ती शिकवत असे. चौथीच्या मुली रांगेनं बसायच्या, मी टेबलावर छडी आपटायची आणि त्या सुरात सुरू करायच्या: ‘द्वितीया, स ला ते, स ला ना ते, तृतीया, ने ए शी, नी शी ई ही.’ आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. येणारेजाणारे म्हणायचे, शाळा चांगली चालली आहे. मुलींना त्यातलं काय समजतं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मला स्वतःला विभक्ती इतकी पाठ होती की तिच्याकडे बघायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मधूनमधून मला दमा गाठायचा, घरी यायचे तेव्हा घसा बसलेला असायचा आणि वहिनी न बोलता गूळपाणी पुढे करायची.

घर दादाचं होतं. दादा माझा थोरला भाऊ, गावातल्या इंग्रजी शाळेत इंग्रजी शिकवायचा. माझं सासर सुलतानपूरला. नवरा गेल्यावर दादा मला ‘चार महिने राहू द्या’ म्हणून घेऊन आला आणि त्या चार महिन्यांची वर्षं झाली. तेवढ्यात मुलींच्या शाळेतली एक बाई लग्न होऊन गेली, मी व्हर्नाक्युलर, म्हणजे मराठी, सातवी पास होते, म्हणून तात्पुरती मास्तरीण म्हणून मला घेतलं. तात्पुरती हा शब्द माझ्या कपाळावर लिहिल्यासारखा होता. घरातही मी तात्पुरतीच होते.

मग त्या शाळेला इंग्रजीचा वर्ग जोडायचं ठरलं. ज्या मास्तरणीला इंग्रजी शिकवता येईल ती कायम होणार, आणि ते येतं की नाही हे शाळातपासणीला येणारी इन्स्पेक्ट्रेस बाई ठरवणार. मराठीचं इंग्रजी करायला देणार आणि एक धडा घ्यायला लावणार. जमलं तर मी राहणार. नाही जमलं तर अकोल्याहून दुसरी कोणी येणार, आणि मग सुलतानपूर.

सुलतानपूरला माझा कुणी छळ केला नाही. उगाच खोटं का लिहू. तिथे मला फक्त कामं होती. पहाटेपासून दळण, पाणी, भाकरी, वावरातल्या गड्यांची न्याहारी, जावेची बाळंतपणं. मी काय खाल्लं, मला काय हवं, हे त्या घरात कुणाच्या मनातही यायचं नाही. मला कुणी वाईट बोलायचं नाही आणि कुणी काही विचारायचंही नाही. थोरले भाऊजी, म्हणजे माझे दीर, आषाढात एकदा येऊन ओट्यावर बसले आणि दादाला म्हणाले, “मास्तर, कपाशीची वेचणी सुरू व्हायच्या आत तिले नेतो. घरात मानूस कमी पडून राह्यलं.” मी आत दाराशी उभी होते. दादा म्हणाला, “तपासनी होऊ द्या, मंग पाहू.” भाऊजी बरं म्हणाले, चहा घेतला आणि गेले. मी एखादी पाटी-कुदळ असल्यासारखं ते बोलणं झालं. दादानं मला त्यावर एक शब्द विचारला नाही. मला त्याचा फार राग आला आणि रागावण्याचंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत तो मला इंग्रजी शिकवायला बसू लागला. तो आधीच दमलेला असायचा. बाजूला मुलांच्या वह्यांचा ढीग, एका हातात लाल पेन्सिल, डोळे वहीत आणि कान माझ्याकडे. त्याची शिकवण्याची रीत एकच, आणि तिच्यावर त्यानं कितीतरी मुलं पास केली होती. माझ्या तोंडच्या त्याच विभक्तीच्या कोष्टकाला तो इंग्रजी शब्द चिकटवायचा. प्रथमेला काही नाही. द्वितीयेला टू. तृतीयेला बाय आणि विथ. चतुर्थीला टू आणि फॉर. पंचमीला फ्रॉम आणि दॅन. षष्ठीला ऑफ. सप्तमीला इन, ऑन, ॲट. संबोधनाला ओ. मराठीत प्रत्यय नामाच्या पाठीला चिकटतो, इंग्रजीत तो सुटा होऊन नामाच्या पुढे येऊन उभा राहतो, एवढाच फरक, असं तो म्हणायचा.

मला ते फार सोपं वाटलं. पाठ करायचं काम मला आयुष्यभर येत होतं. दोन दिवसांत कोष्टक पाठ झालं आणि तिसऱ्या दिवशी दादानं वाक्य दिलं: त्याने मला विचारले. मी पाटीवर लिहिलं: बाय हिम टू मी आस्क्ड.

दादानं पाटी पाहिली. त्यानं हसायला हवं होतं, पण तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. “हे काय केलं वं?”

“त्यानं, तृतीया, बाय. मला, द्वितीया, टू.”

“ही आस्क्ड मी. एवढंच.”

“मंग ‘नं’ कुठं गेलं? आन् ‘ला’ कुठं गेलं?”

“गेलं.”

“कुठं गेलं पन? कोष्टकात तर आहे.”

“इंग्रजीत कोन करतो ते पहिले येते, मंग करनं, मंग कोनाले. जागाच सांगते. त्याले प्रत्यय लागत नाई.”

“मंग ‘ही सेड टू मी’ काऊन म्हनतात? तिथं टू कसा लागते?”

दादानं डोळे मिटले. “से ले लागते. टेल ले लागत नाई. आस्क ले लागत नाई. साहेब तसंच म्हनतात.”

हे ‘साहेब तसंच म्हणतात’ ऐकून माझं डोकं फिरायचं. मी आपली मराठीची मास्तरीण. माझ्या भाषेत शब्द कसा इमानदार असतो. घोडा म्हटलं की तो आधी वाकून ‘घोड्या’ होतो आणि मग त्याच्या पाठीवर ‘ला’ बसतो, ‘नं’ बसतो, ‘चा’ बसतो. एकदा ‘घोड्याला’ झाला की त्याला वाक्यात कुठेही नेऊन ठेवा, त्याचं काम त्याच्या अंगाला बांधलेलं आहे. घोड्याला गड्यानं पाणी पाजलं म्हणा, गड्यानं घोड्याला पाणी पाजलं म्हणा, पाणी घोडाच पिणार. इंग्रजीतला घोडा मात्र ताठ. तो कधी वाकत नाही आणि त्याचं काम काय ते त्याच्या जागेवरून किंवा पुढच्या त्या टीचभर शब्दावरून ओळखायचं.

पुढचे दिवस असेच गेले. मी लिहायची, दादा खोडायचा. मी ‘टू मी हंगर स्ट्रक’ लिहिलं, कारण आपल्याला भूक लागते. त्यानं ते खोडून ‘आय ॲम हंग्री’ केलं. मी म्हटलं, हा तर माणूसच भूक झाला. मराठीत भूक लागते, तहान लागते, झोप येते, ताप येतो, सगळं बाहेरून येऊन माणसाला लागतं, आणि माणूस बिचारा चतुर्थीत बसून राहतो. इंग्रजीत माणूस आधी उभा राहतो, आय म्हणतो, आणि मग काय असेल ते असतो. मला तेव्हा वाटलं, या लोकांनी इथवर येऊन राज्य केलं ते उगाच नाही. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “राज्याचं राहू दे, स्पेलिंग पाय.”

सप्तमीनं तर मला रडवलं. आपण सकाळी म्हणतो, रात्री म्हणतो, सोमवारी म्हणतो. तिन्हीकडे एकच ‘ई’. इंग्रजीत सकाळी म्हटलं तर इन, रात्री म्हटलं तर ॲट, सोमवारी म्हटलं तर ऑन. त्यात पुन्हा सोमवारी सकाळी म्हटलं तर सकाळचा इन जातो आणि ऑन राहतो. आणि घरी गेले म्हटलं तर काहीच नाही, नुसतं गो होम. मी म्हटलं, “दादा, यांच्या दिवसाले येक, रातीले दुसरं, आन् घराले काईच नाई?” वहिनी आत भाकरी थापता थापता म्हणाली, “इकडं त्याईचं घरच नाई, तर प्रत्यय कायले लागते?” त्या दिवशी दादा हसला. मला आठवतं ते त्या दिवसांतलं एकच हसू.

पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की खरं समोर यायचं. मला काही येत नव्हतं. वाक्य जितकं घोकावं तितकं ते हातातून निसटायचं. आणि मला दिसायचं की दादालाही आशा उरलेली नाही. तो शिकवत होता, कारण शिकवणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. एकदा विभक्तीच घोकत पडले होते आणि षष्ठीपाशी अडले. व्याकरणात शिकवतात की षष्ठीचा क्रियापदाशी संबंध नसतो, ती एका नामाला दुसऱ्या नामाशी जोडते. रामाचा घोडा. घोडा पळेल, पडेल, मरेल, पण राम वाक्यात नुसताच बसलेला. मी बापाची मुलगी, नवऱ्याची बायको, भाऊजींची भावजय, दादाची बहीण. मी चौथीला वर्षभर षष्ठी शिकवली होती, आणि त्या रात्री प्रथमच तिचा राग आला.

श्रावण संपता संपता इन्स्पेक्ट्रेस बाई येणार म्हणून निरोप आला. आमच्या हेडमास्तरीणबाईंनी लगेच शाळा सारवून घेतली, भिंतीवर नकाशे टांगले आणि मुलींकडून विभक्ती घोकून घेतली. तपासणीची ती जुनी रीत होती. बाईसाहेब दारात आल्या की वर्गानं उभं राहून एका सुरात विभक्ती म्हणायची. कितीतरी बाईसाहेब ते ऐकून ‘वेल डन’ म्हणून पुढे गेल्या होत्या. या वेळी हेडमास्तरीणबाईंनी त्यात माझ्याकडून ऐकलेले दादाचे इंग्रजी शब्दही घालून दिले. मुली ‘तृतीया, ने ए शी, बाय, विथ’ असं किंचाळायला लागल्या. मला ऐकवेना, पण माझी नोकरीच टांगलेली, मी काय बोलणार.

बाईसाहेब दुपारी आल्या. उंच इंग्रज बाई, वयानं माझ्याहून बऱ्याच मोठ्या, उन्हानं चेहरा लाल झालेला, टोपीखालून घामाची धार. त्या खुर्चीत बसल्या त्या जवळजवळ कोसळल्याच. हेडमास्तरीणबाई इंग्रजीत काहीतरी बोलू लागल्या तेव्हा त्यांनी हात वर केला आणि मराठीत म्हणाल्या, “मी सोमवारवर येणार होते. माझी मोटार चिखलीवर बंद पडली. मी माझ्या शिपायाबरोबर फार रागावले आहे.”

मुली ओठ चावून उभ्या राहिल्या. शिपाई दारात उभा होता. त्याच्या तोंडाकडे पाहून तो बाईसाहेबांबरोबर रागावला असेल असं काही वाटत नव्हतं. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन् बसलं. सोमवारवर, म्हणजे ऑन. चिखलीवर, म्हणजे ॲट. शिपायाबरोबर, म्हणजे विथ. ही बाई माझंच कोष्टक उलट्या बाजूनं धरून बसली होती. जिथे ‘वर’ नको तिथे तिनं दोनदा ‘वर’ घातला होता, आणि जिथे हवा होता तिथे, शिपायावर रागवायच्या वेळी, नेमका सोडून दिला होता. इतकी शिकलेली, हिंडलेली बाई, आणि तिची अडचण तीच जी माझी. मी मूर्ख नव्हते. कोष्टकच लंगडं होतं.

त्यांनी मला एका बाजूला बसवून मराठी उतारा दिला. सुरुवात मला अजून आठवते: ‘सोमवारी सकाळी एक म्हातारी काठीने चाचपडत बाजाराला निघाली. वाटेत तिला तहान लागली. तिने एका मुलीला विचारले...’ मी पेन हातात धरलं. मग पहिल्यांदाच प्रत्ययाकडे पाहिलं नाही. ‘काठीने’ हे काय करतं आहे? काठी हे साधन. मग विथ. ‘तिने’ हे काय करतं आहे? ती करणारी. इंग्रजीत करणारी पुढे बसते, तिच्या अंगावर काही नाही. ‘तिला तहान लागली’, इथे तीच तहानलेली, तिलाच पुढे बसवा. ‘मुलीला विचारले’, आस्क, त्याला टू चालत नाही, मुलीला नुसतीच मागे बसवा. ‘बाजाराला निघाली’ इथे अडले. गेली असती तर टू. पण निघाली. निघणं म्हणजे अजून पोचली नाही. दादानं एकदा ‘सेट आउट फॉर’ सांगितलं होतं ते आठवलं आणि तेच लिहिलं. बरोबर की चूक, कोण जाणे. 

मग धडा. मी वर्गात शिरले आणि बाईसाहेब दारात येताच मुली उठून सुरू झाल्या, ‘प्रथमा...’ मी हात वर केला. मुली गप्प झाल्या. हेडमास्तरीणबाईंचा चेहरा असा झाला की जणू मी देवापुढचा दिवा फुंकला.

मी तीन मुलींना पुढे बोलावलं. तिघींच्या पाट्यांवर लिहिलं: वाघाने. गाईला. मारले. त्यांना ओळीनं उभं केलं आणि वर्गाला विचारलं, कुणी कुणाला मारलं? “वाघानं गाईले,” सगळ्या म्हणाल्या. मग वाघाची आणि गाईची जागा बदलली. आता? “वाघानंच गाईले.” मारले पुढे आणलं, सगळं उलटंपालटं केलं, तरी वाघच मारणारा. मग पाट्या पुसल्या आणि त्यावर लिहिलं: द टायगर, किल्ड, द काऊ. शब्द इंग्रजी, अक्षरं मराठी, म्हणजे मुलींना वाचता आले; अर्थ मी सांगितला. कुणी मारलं? वाघानं. मग दोघींच्या जागा बदलल्या. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, “बाई, आता गाईनं वाघाले मारलं.” सगळ्या खदखदून हसल्या. मी म्हटलं, पाहा, मराठीत वाघाच्या पाठीवर ‘नं’ आहे म्हणून तो कुठेही गेला तरी ओळखू येतो. इंग्रजीत त्याच्या पाठीवर काही नाही, म्हणून त्यानं आपली जागा सोडायची नाही.

मग फळ्यावर चार वाक्यं लिहिली. तिनं मारलं. काठीनं मारलं. रस्त्यानं गेली. तापानं मेली. विचारलं, ‘नं’ काय करतो? मुली एकेक करून सांगू लागल्या, पहिल्यात मारनारी, दुसऱ्यात मारायची वस्तू, तिसऱ्यात वाट, चौथ्यात कारन. मी म्हटलं, आपण चौघांना एकच ‘नं’ देतो आणि काम वाक्यावरून ओळखतो. इंग्रज प्रत्येक कामाला वेगळा शब्द देतात. काठीला विथ, रस्त्याला अलाँग, तापाला ऑफ. आणि मारणारीला काहीच नाही, ती पुढे बसते. म्हणून ‘नं’चं इंग्रजी काय, असं विचारू नका. या वाक्यात तो काय करतो, ते विचारा.

बाईसाहेब मागे बसून ऐकत होत्या. धडा संपल्यावर मुलींना बाहेर सोडलं आणि त्या मला म्हणाल्या, “तुम्ही विभक्तीचे कोष्टक का थांबवले? सगळ्या शाळांत ते म्हणतात.”

 हेडमास्तरीणबाई मागून माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या. ‘चूक झाली’ म्हणून मोकळं व्हावं असं वाटलं. बाईसाहेबांनी थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हणाल्या, “मी तुमच्या उत्तरासाठी वाट पाहते आहे.”

आणि मी बोलून गेले. “बाईसाहेब, आमच्यात उत्तराची वाट पाहतात. त्याला ‘साठी’ लागत नाही. तुमच्याकडे ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो म्हणून तुम्ही ‘साठी’ घातलं. मी ‘आस्क’ला ‘टू’ घालत होते, कारण आमच्याकडे विचारायला ‘ला’ लागतो. आपण दोघी त्याच कोष्टकानं फसलो आहोत. मुलींना तरी कशाला फसवायचं.”

हेडमास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला.  मनात आलं, संपलं, आता सुलतानपूर.

बाईसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. केस घामानं चिकटलेले, डोळ्यांखाली काळं. मग हळू म्हणाल्या, “उत्तराची वाट पाहते.” पुन्हा एकदा म्हणाल्या. “मला मराठी शिकवणारा मुन्शी हे मला कधी सांगत नाही. तो नेहमी म्हणतो, उत्तम, बाईसाहेब.” साहेबांना द्यावी लागणारी मराठीची परीक्षा त्या एकदा नापास झाल्या होत्या, असं त्यांनी इतक्या थकल्या आवाजात सांगितलं की मला त्यांच्याजवळ बसावंसं वाटलं. मी बसले नाही. त्या उठल्या, माझा उतारा पिशवीत ठेवला आणि निघून गेल्या. पास की नापास, एक शब्द नाही.

घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. त्यानं वह्या बाजूला केल्या. “तू बाईसाहेबाले चूक सांगितली?”

“हाव.”

“तुह्या डोक्यात काय भरलं होतं?”

“भरलं नाई काई. कटाळा आला होता.”

दादानं पुन्हा पेन्सिल उचलली. मला वाटलं, यानंही हात टेकले.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. शाळेत हेडमास्तरीणबाई माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. इंग्रजीचा धडा बंद झाला, कारण आता कशासाठी शिकायचं. कपाशी फुटायला लागली तसा भाऊजींचा निरोप आला की गाडी घेऊन येतो. मी माझं अंथरूण, दोन लुगडी आणि एक पितळी तांब्या एकत्र केला. बांधून ठेवायला तेवढंच होतं.

भाऊजी आले त्याच दिवशी सकाळी शाळेत माझ्याबद्दल हुकूम आला होता. हेडमास्तरीणबाईंनी तो वाचून दाखवला. एक वर्ष इंग्रजीचा वर्ग माझ्याकडे, पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. नोकरी कायम नाही, पण वर्षभर माझी. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मला फक्त झोप आली.

घरी आले तर बैलगाडी दारात उभी. भाऊजी ओट्यावर, पागोटं काढून वारा घेत बसलेले. दादा समोर, नेहमीसारखा वह्यांच्या मागे. मी दारात पोचले तेव्हा भाऊजी म्हणत होते, “मंग मास्तर, तिले घेऊन जातो. ऊन उतरलं की निघतो.”

दादानं मला पाहिलं. हुकमाचं त्याला अजून माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आतच तो लाल पेन्सिल कानाला अडकवत भाऊजींना म्हणाला, “मले काय सांगता? तिले विचारा.”

 भाऊजींना ते नीट कळलंच नाही. त्यांनी दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा दादाकडे. माझ्या आईवडिलांनी माझं लग्न ठरवलं तेव्हा मला विचारलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा कुठे राहणार हे विचारलं नव्हतं. दादानंही आणलं तेव्हा विचारलं नव्हतं. रडू आलं तर उत्तर देता येणार नाही, म्हणून मी ते आवरलं.

भाऊजी शेवटी म्हणाले, “काय वो बाई, येता ना?”

“नाई भाऊजी,” मी म्हटलं. “मी येत नाई.”

 वाईट माणूस नव्हता तो. वहिनीनं चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतून पूर्ण प्यायला, बैलांना पाणी पाजलं आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेले. मी वळणापर्यंत गाडी जाताना पाहिली आणि ओट्यावर दादाशेजारी बसले. हुकमाचं सांगितलं. तो “बरं झालं” म्हणाला, आणि ढिगातल्या अर्ध्या वह्या उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या. “आता तू पन तपास. मले एकट्याले होत नाई.”

मी वरची वही उघडली. पहिल्याच पानावर कुण्या पोरानं लिहिलं होतं, ही आस्क्ड टू मी. दादानं दुसरी लाल पेन्सिल दिली. मी तो ‘टू’ खोडला. पुढच्या वहीत तोच होता, तोही खोडला. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसून तेच खोडत राहिलो.